उजव्या खुब्यासाठी डाव्या हातात काठी

अण्णा एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर, वय ६८. पसरणीच्या घाटात गाडी वळणं घेत असताना कशालाही न धरता तिकिटं फाडण्यात त्यांची हयात गेली. उजवा खुबा बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना पलंगाच्या कडेला बसवलं, तेव्हा मात्र त्यांनी दोन्ही हातांनी गादी घट्ट धरून ठेवली होती.

"अण्णा, पाय जमिनीला टेकवा."

"टेकवतो हो मॅडम. पण वजन टाकलं आणि आतला गोळा निसटला तर?"

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि साताऱ्यात घरोघरी जाऊन रुग्णांना चालायला शिकवते. खुबा बदललेल्या जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच असतो. तो रास्त आहे, म्हणून आत काय बसवलंय ते मी आधी सांगते. मांडीच्या हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं गोल असतं आणि ते कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतं. अण्णांच्या सांध्यातली कूर्चा झिजून हाडावर हाड घासत होतं. सर्जनने तो गोळा काढून टाकला, मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा ठोकून बसवला, त्याच्यावर नवा गोळा चढवला आणि वाटीत नवी वाटी बसवून तिला प्लॅस्टिकचं अस्तर दिलं. ही रचना रूढ केली ती इंग्लंडच्या जॉन चार्नली या सर्जनने. धातूचा गोळा आणि टिकाऊ पॉलिथिनची वाटी ही जोडी त्यांनी १९६२ साली वापरायला सुरुवात केली. आज साहित्य बरंच सुधारलंय, पण कल्पना तीच आहे.

अण्णांचा दांडा सिमेंट न लावता बसवलेला होता. त्याचा पृष्ठभाग खरबरीत असतो आणि पुढच्या काही आठवड्यांत हाड त्या खरबरीतपणात वाढून त्याला धरतं. पण तो मुळातच इतका घट्ट ठोकलेला असतो, की बहुतेक रुग्णांना पहिल्या दिवसापासून सोसेल तेवढं वजन टाकता येतं. हाड ठिसूळ असेल किंवा दांडा बसवताना हाडाला चीर गेली असेल, तर सर्जन काही आठवडे अर्धंच वजन टाकायला सांगतात. म्हणून उभं राहण्याआधी त्यांना विचारायचा प्रश्न एकच, वजन किती टाकायचं? अण्णांच्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं : सोसेल तेवढं.

बसल्यावर त्यांना गरगरलं. ऑपरेशनमध्ये गेलेलं रक्त, वेदनाशामक औषधं आणि रात्रभराचं आडवं पडणं यामुळे उठताना रक्तदाब उतरतो. म्हणून आधी पाय लोंबकळत ठेवून काही मिनिटं बसायचं, पावलं वरखाली हलवायची, आणि डोकं ताळ्यावर आलं की मगच उभं राहायचं. उजवा पाय जरा पुढे ठेवून, हातांनी पलंगावर रेटा देत अण्णा उठले आणि वॉकरला धरून उभे राहिले. आधी वॉकर पुढे, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. या क्रमाने ते खोलीच्या दारापर्यंत गेले आणि तिथे थांबून म्हणाले, "आतलं ते जुनं ठसठसणं नाही." हे बहुतेकांना पहिल्याच पावलात कळतं. जखम दुखते, स्नायू ओढतात, पण हाडावर हाड घासण्याची ती खोल वेदना गेलेली असते.

चौथ्या दिवशी ते शनिवार पेठेतल्या घरी आले, आणि खरी परीक्षा तिथे सुरू झाली. इस्पितळात सगळं सपाट आणि उंच असतं. आपल्या घरात उंबरठा असतो, न्हाणीघराला कट्टा असतो, बसायला पाट असतो, आणि दिवाणखान्यातला सोफा असा असतो की त्यात बसलं की गुडघे खुब्याच्या वर जातात.

अण्णांचा सांधा मागच्या बाजूने उघडला होता. गोळा जागेवर धरून ठेवणारं मागचं जाड आवरण कापून पुन्हा शिवलेलं होतं, आणि ते भरून येईपर्यंत गोळ्याला मागे सरकायची वाट असते. मांडी पोटाकडे खूप दुमडली, पाय आत वळला किंवा एक पाय दुसऱ्यावरून पलीकडे गेला, की गोळा नेमका त्या कमकुवत बाजूला ढकलला जातो. म्हणून त्यांना तीन बंधनं होती. खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, आणि उभं असताना उजव्या पायावर गर्रकन वळायचं नाही. त्यांच्या सर्जनने ही बंधनं सहा आठवड्यांसाठी घातली होती. काही जण तीन महिने सांगतात. सांधा पुढून उघडला असेल तर बंधनं वेगळी असतात, त्यामुळे शेजारच्या माणसाला सांगितलेले नियम स्वतःला लावू नयेत.

काटकोनाचा नियम ऐकायला सोपा आहे, पण तो मोडतो रोजच्या अगदी साध्या गोष्टींत. खाली पडलेला रुमाल उचलताना, बसल्याबसल्या चप्पल ओढून घेताना, अंथरुणात बसून पायाशी असलेली चादर वर घेताना. काकूंनी घरातली सगळ्यात उंच खुर्ची काढली, तिच्यावर घट्ट गादी ठेवली आणि सोफ्यावर कपड्यांची बोचकी ठेवून दिली, म्हणजे सवयीने कोणी बसायला नको. पायपुसणी आणि सतरंज्या उचलल्या. देशी संडासाचा प्रश्न ऑपरेशनआधीच सोडवलेला होता. मुलाने पाश्चात्त्य पद्धतीचा कमोड बसवून घेतला होता, पण तोही अण्णांच्या उंचीला बुटका पडत होता. त्यावर बसवायची उंच सीट औषधोपकरणांच्या दुकानात मिळते. ती आणली आणि भिंतीला धरायला दांडी ठोकून घेतली.

तरीही पहिले काही दिवस अण्णा काकूंना दाराबाहेर उभं करूनच आत जात. त्यांना लाज वाटत होती आणि भीतीही. मी त्यांच्याकडून आधी खुर्चीवर सराव करून घेतला. मागे सरकत जायचं, मांड्यांच्या मागे खुर्चीची कड लागली की थांबायचं, उजवा पाय पुढे सरकवायचा, हात मागे नेऊन आधार घ्यायचा आणि सावकाश टेकायचं. उठताना हेच उलट क्रमाने. दहाव्या दिवसाच्या सुमारास मी गेले तर काकू ओट्यापाशी चहा करत होत्या आणि अण्णा आत एकटे होते. बाहेर आले तेव्हा ते काहीच बोलले नाहीत, पण चहा मात्र स्वतः मागितला. माझ्या अनुभवात पहिल्या महिन्यातला सगळ्यात मोठा पल्ला हाच असतो. किती पावलं चाललो यापेक्षा, शौचाला एकट्याने जाता येतं का यावर माणसाची मान ताठ होते.

त्याच सुमारास एका रात्री अण्णांचा फोन आला. झोपेत पायांमधली उशी खाली पडली होती, आणि जाग आली तेव्हा उजव्या पायाचा घोटा डाव्यावर होता. "निसटला वाटतं," ते म्हणत होते. मी त्यांना उताणं झोपून दोन्ही पाय सरळ करायला सांगितले आणि काकूंना पायथ्याशी उभं केलं. टाचा एका रेषेत आहेत का? आहेत. दोन्ही पायांचे अंगठे सारखेच वर बघतायत का, की उजवा आत वळलाय? सारखे आहेत. टाच घसटत गुडघा थोडा दुमडता येतो का? येतो. मग सांधा जागेवर आहे. गोळा मागे निसटला तर शंका घ्यायला जागाच राहत नाही. एकदम असह्य कळ येते, पाय आखूड दिसतो, आत वळलेला असतो, आणि त्यावर भार टाकणं अशक्य होतं. असं झालं तर स्वतः ओढाताण न करता, आहे त्या स्थितीत इस्पितळ गाठायचं असतं. अण्णांना दिलासा मिळाला तो माझ्या शब्दाने नाही. काकूंनी स्वतः टाचा पाहिल्या म्हणून मिळाला. त्यानंतर रात्री शंका आली की ते स्वतःच तपासायचे आणि पुन्हा झोपायचे.

मांडीवर उमटलेलं काळंनिळं पुढे गुडघ्याखाली उतरलं, तेव्हा पुन्हा घरात धास्ती बसली. ऑपरेशनच्या जागी झिरपलेलं रक्त त्वचेखालून खाली उतरतं, त्यामुळे निळा-पिवळा रंग कधीकधी घोट्यापर्यंत जातो आणि आपोआप मावळतो. संध्याकाळी पाय सुजणंही नेहमीचंच, रात्री पाय उशांवर ठेवून झोपलं की सकाळी तो उतरलेला असतो. काळजीची सूज निराळी असते. पोटरी टणक आणि गरम लागते, दाबल्यावर दुखते, आणि सकाळीही सूज तशीच असते. शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची ती खूण असू शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं, म्हणूनच रक्त पातळ ठेवण्याचं औषध ठरलेल्या मुदतीपर्यंत एकही डोस न चुकवता घ्यायचं असतं. सूज दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि अचानक दम लागला किंवा छातीत कळ आली तर थेट इस्पितळ. जखमेतून पाणी येत राहिलं किंवा ताप चढला, तर घरी मलम लावत बसू नये. अण्णांच्या बाबतीत यातलं काही झालं नाही. दोन आठवड्यांनी टाके निघाले.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी नवी तक्रार काढली, "उजवा पाय लांब झालाय." ही भावना खोटी नसते. झिजलेल्या सांध्यामुळे त्यांचा पाय आधी थोडा आखूड झाला होता आणि कंबर त्या बाजूला कलायला शिकली होती. आता उंची परत मिळाली, पण ओढलेले स्नायू आणि कललेली कंबर जुन्याच सवयीत आहेत. बहुतेकांची ही भावना काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत ओसरते. क्वचित फरक खराच असतो, आणि तो सर्जन क्ष-किरण चित्रावर मोजतात. तोवर दुसऱ्या चपलेत जाड तळवा घालून घेऊ नये, नाहीतर कलणं कायम होतं. अण्णांनी चांभाराला सांगून ठेवलं होतं, ते मी रद्द करायला लावलं.

आता मुख्य गोष्टीकडे येते. अण्णा वॉकर सोडून काठीवर आले, तेव्हा त्यांनी काठी साहजिकच उजव्या हातात धरली. पाय उजवा दुखरा, म्हणून आधार उजवीकडे. मी ती काढून डाव्या हातात दिली. "मॅडम, उलटं सांगताय," ते म्हणाले, आणि शेजारच्या गृहस्थांनीही तेच म्हटलं. ही चूक इतकी सर्वत्र दिसते, की तिच्यावर जरा थांबणं भाग आहे.

चालताना प्रत्येक पावलाला आपण क्षणभर एकाच पायावर उभे असतो. उजव्या पायावर उभे असताना डावा पाय हवेत असतो आणि सगळं शरीर डावीकडे खाली ओढलं जातं. कंबर त्या बाजूला पडू नये म्हणून उजव्या खुब्याच्या बाहेरच्या बाजूचा एक स्नायू कमरेला वर खेचून धरतो. त्याला ग्लुटियस मीडियस म्हणतात. खिशात हात घालून उभं राहिलं की तळव्याखाली जो येतो, तो हाच. त्याची अडचण अशी, की तो सांध्याच्या अगदी जवळ आहे आणि शरीराचं वजन सांध्यापासून लांब आहे. दांडीचा तराजू मध्यावर न टांगता एका टोकाजवळ टांगला, तर आखूड बाजूला फार जड वजन ठेवावं लागेल, तसंच हे. स्नायूला शरीराच्या वजनापेक्षा जास्त जोराने खेचावं लागतं, आणि ते सगळं ओझं पुन्हा सांध्यावरच येतं. बर्लिनच्या गेऑर्ग बर्गमन आणि सहकाऱ्यांनी कृत्रिम खुब्यातच मोजणी यंत्र बसवून हे ओझं प्रत्यक्ष मोजलं. सपाट जमिनीवर साधं चालतानाही सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो, असं त्यांनी २००१ मध्ये दाखवलं.

काठी डाव्या हातात असली, की ती उजव्या खुब्यापासून लांब टेकते. डावीकडे पडू पाहणाऱ्या शरीराला ती नेमकं त्याच बाजूने थोडा टेकू देते, आणि लांबून दिलेला थोडा जोरही पुरतो. स्नायूची खेच कमी लागते, सांध्यावरचं ओझं उतरतं. काठी उजव्या हातात घेतली तर माणूस उजवीकडे झुकतो, पाय लंगडत टाकतो, आणि तीच चाल अंगवळणी पडते. अण्णांना मी समजावून सांगितलं, पण त्यांना पटलं ते चालून पाहिल्यावर. एक फेरी उजव्या हातात काठी घेऊन, एक डाव्या हातात. दुसऱ्या फेरीनंतर त्यांनी काठी परत दिली नाही. तिची उंचीही पाहावी लागते. हात सैल सोडून सरळ उभं राहिल्यावर मूठ मनगटाच्या रेषेपाशी यावी. उंच काठीने खांदा चढतो, बुटक्या काठीने माणूस वाकतो. टोकाला रबर हवंच, आणि ते झिजलं की बदलायला हवं.

अण्णांच्या घराला बाहेर पडायला पायऱ्या होत्या. चढताना चांगला पाय आधी, मग ऑपरेशनचा, मग काठी. उतरताना आधी काठी, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला. कारण चढताना शरीर वर उचलतो तो वरच्या पायरीवरचा पाय, आणि उतरताना शरीर सावकाश खाली सोडतो तो मागे वरच राहिलेला पाय. दोन्ही वेळा कष्टाचं काम चांगल्या पायाकडे जावं. दुसरा हात कठड्यावर. चौथ्या आठवड्यात ते पायऱ्या उतरून गल्लीच्या टोकापर्यंत गेले. तिथून राजवाड्याकडचा उतार दिसतो. उताराला शरीर पुढे ढकललं जातं आणि पाऊल रोखून टाकावं लागतं, म्हणून त्या दिवशी तिथूनच वळलो. कोपऱ्यावर पेपर विकत घेतला, जो त्यांना महिनाभर घरपोच येत होता.

सहाव्या आठवड्यानंतर वेदना जवळपास संपली आणि अण्णा काठी टाकायला उतावीळ झाले. नेमका इथेच घोळ होतो. दुखत नाही म्हणजे बरं झालं, असं सगळ्यांना वाटतं. पण तो बाजूचा स्नायू ऑपरेशनआधीच्या लंगडण्याने कित्येक वर्षं दुबळा झालेला असतो, आणि नवा सांधा बसवल्याने तो आपोआप जोरदार होत नाही. मी त्यांना आरशासमोर उभं केलं, हात ओट्यावर हलके टेकवून डावा पाय उचलायला सांगितला. पाय उचलताच त्यांच्या कमरेची डावी बाजू खाली गेली आणि धड उजवीकडे कललं. जर्मन सर्जन फ्रीडरिश ट्रेंडेलेनबर्ग यांनी १८९५ मध्ये सांगितलेली ही खूण आजही आम्ही रोज वापरतो. अण्णांना ते आरशात स्वतः दिसलं, त्यामुळे वाद राहिला नाही.

मग रोजचा व्यायाम ठरला. ओट्याला धरून ताठ उभं राहायचं आणि उजवा पाय गुडघा न वाकवता बाजूला न्यायचा, बोटं पुढेच ठेवून. अंग कलू द्यायचं नाही. कलायला लागलं की थांबायचं, मग सात वेळाच झाले असले तरी. नंतर डावा पाय बाजूला न्यायचा. उजव्या पायावर उभं राहून तोल धरणं हाच उजव्या स्नायूचा खरा व्यायाम असतो, आणि तोच जास्त टाळला जातो. अडीच महिन्यांनी त्याच आरशात डावा पाय उचलल्यावर कंबर सरळ राहिली. त्यानंतर घरात काठी सुटली. बाहेर, गर्दीत आणि उताराला अजून ती डाव्या हातात असते.

काही गोष्टी परत येणार नाहीत, हे अण्णांना ठाऊक आहे. देशी संडासात उकिडवं बसणं त्यांच्या सर्जनने कायमचं बंद केलंय, आणि पंगतीत मांडी घालून बसण्याऐवजी ते खुर्ची मागून घेतात. देवपूजाही खुर्चीवर बसून करतात.

तुमच्या घरात कोणाचा खुबा बदलायचा असेल, तर माझी विनंती आहे की तारीख ठरवण्याआधी कमोडची उंची, बसायची खुर्ची आणि न्हाणीघरातली धरायची दांडी तयार ठेवा. सर्जनना विचारा की सांधा कोणत्या बाजूने उघडणार, वजन किती टाकायचं आणि बंधनं किती दिवसांची. आणि काठी सोडण्याआधी आरशासमोर एका पायावर उभं राहून कंबर सरळ राहते का ते फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्या. ती पडत असेल, तर दुखत नसलं तरी काठी हातात राहू द्या.